‘तुझ्याबद्दल थोडं सांग’ म्हटल्यावर

सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवलं. ती नोकरी सांभाळत बरीच वर्षं पुण्यातल्या एका छोट्या ट्रस्टच्या शिष्यवृत्ती निवड समितीवर बसले, अजूनही बसते. बारावी करून पदवीला किंवा दहावीनंतर डिप्लोमाला प्रवेश मिळालेली खेड्यापाड्यांतली मुलं आमच्याकडे येतात. मी स्वतः अशाच मदतीवर शिकले, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ओळखीच्या आहेत. प्रत्येकाला दहा-बारा मिनिटं मिळतात आणि सुरुवात ठरलेली असते : ‘तुझ्याबद्दल थोडं सांग.’ त्यानंतरची दोन मिनिटं मुलांना सगळ्यांत जड जातात. गरज सांगावी तर हात पसरल्यासारखं वाटतं, गुण सांगावेत तर मिरवल्यासारखं. त्या दोन मिनिटांबद्दल वर्षानुवर्षं ऐकून जे उमगत गेलं, ते इथे लिहिते आहे.

१. सगळ्यांत गरीब कोण, हे समिती शोधत नसते. मी विद्यार्थिनी म्हणून त्या खुर्चीत बसले होते तेव्हा मला तसंच वाटलं होतं. समोरची माणसं कोणत्या तरी तराजूत आमची हलाखी तोलणार, आणि ज्याचं पारडं खाली जाईल त्याला पैसे देणार. पलीकडे जाऊन बसल्यावर दिसलं ते वेगळंच. मुलाखतीपर्यंत आलेले सगळेच अर्ज गरजूंचे असतात, छाननीतच बाकीचे गळालेले असतात. त्यामुळे ‘माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे’ हे वाक्य दुपारपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून येतं, आणि खरं असूनही एका मुलाला दुसऱ्यापासून वेगळं करत नाही. ट्रस्टकडची रक्कम ठरलेली असते. ती कुठे दिली तर काही तरी अडलेलं सुटेल, एवढंच आम्ही शोधत असतो. आमच्या समितीत एक सनदी लेखापाल आहेत. मोठ्या मायेचे गृहस्थ, पण त्यांचा प्रश्न दर वर्षी एकच : ‘हे पैसे मिळाले नाहीत तर नेमकं काय थांबेल?’ एका मुलाने छाती पुढे काढून उत्तर दिलं, ‘काहीच थांबणार नाही सर, मी शिकणारच.’ जिद्द दाखवायची म्हणून तो तसं बोलला होता. मग हळूहळू बोलतं केल्यावर कळलं, की वसतिगृह परवडत नाही म्हणून तो मावशीकडे राहून रोज दोन-दोन तास एसटीने जाणार होता, आणि पाचची गाडी पकडायची तर दुपारचं प्रॅक्टिकल अर्ध्यावर सोडावं लागणार होतं. थांबणार होतं ते हे. ते त्याने आधीच सांगितलं असतं तर जिद्दही त्यातच दिसली असती.

२. फायलीतली कागदपत्रं खरी असतात, पण अर्धंच बोलतात. उरलेलं अर्धं मुलानेच सांगायचं असतं. तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला आकडा सांगतो. त्या आकड्यावर किती माणसं जेवतात, कर्जाचा हप्ता किती, कुणाचं औषधपाणी चालू आहे, हे तो सांगत नाही. सातबारा तर कित्येकदा मुलाच्या विरुद्ध साक्ष देतो. ‘चार एकर आहे की तुमची!’ असं समितीतलं कुणी म्हणतं आणि मुलगा गोरामोरा होतो, जणू चोरी पकडली गेली. पण चार एकर म्हणजे काय? जिरायत की बागायत? नावं किती आहेत त्यावर? चार भावांचा सामाईक सातबारा असेल तर एकाच्या वाट्याला एकरच येतो. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा ‘इतर हक्क’ या रकान्यात चढलेला असतो, पण तिथवर वाचत कोण जातं? हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगावं लागत नाही. ‘चार एकर जिरायत आहे, तीन चुलत्यांसह सामाईक. आमच्या वाट्याला एकर, त्यात पाऊस झाला तर ज्वारी होते.’ एवढ्या दोन वाक्यांनी समिती पुढचा प्रश्न गिळते. अर्ज भरल्यावर आपलीच कागदपत्रं एकदा परक्याच्या डोळ्यांनी वाचून पाहावीत आणि कुठे गैरसमज होईल ते हेरून ठेवावं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले.

यातच एक जोड. परीक्षेत एखादा विषय राहिला असेल, मध्ये वर्ष गेलं असेल, तर गुणपत्रिकेवर ते दिसतंच. विचारायच्या आत आपणच एका वाक्यात सांगून टाकलेलं बरं : काय झालं आणि मग काय केलं. लपवलेलं शोधण्यात मुलाखतीची चार मिनिटं जातात, आणि ती त्या मुलाचीच असतात.

३. ‘आई काही करत नाही’ हे वाक्य मला अजूनही अस्वस्थ करतं. अर्जात आईच्या व्यवसायापुढे ‘गृहिणी’ लिहिलेलं असतं आणि मुलंही सहज म्हणून जातात, आई घरीच असते. मग मी विचारते, सकाळी उठल्यापासून सांग. मग निघतं : पहाटे गोठा, दोन गायींच्या धारा, डेअरीला दूध, नंतर दुसऱ्याच्या रानात खुरपणी, संध्याकाळी वैरण. एका मुलीला बोलता बोलता कळलं, की घरात महिन्याला नियमित रोख येते ती फक्त आईच्या दुधाच्या बिलाची. वडिलांचे पैसे हंगामाला एकदाच येतात आणि येताक्षणी उसनवारीत जातात. ते सांगताना ती स्वतःच थबकली. इतकी वर्षं त्या घरात राहून तिने हा हिशोब मांडलेला नव्हता. मला तिच्याइतकंच त्या क्षणाने शिकवलं. घरात कोण काय करतं, हे नीट पाहिलेलं मूल गरिबीबद्दल बोलताना कधी केविलवाणं वाटत नाही, कारण त्याच्या बोलण्यात राबणारी माणसं असतात. आणि समितीच्या दृष्टीनेही ही माहिती मोलाची आहे. दुधाचं बिल दहा दिवसांनी येत असेल तर खानावळीचे पैसे कधी भरता येतील आणि कधी नाही, हे त्यातून कळतं.

४. दुःख एका वाक्यात मावतं, आणि तसंच सांगावं. २०२१ नंतर काही वर्षं आमच्याकडे आलेल्या अर्जांत कोविडमध्ये वडील किंवा आई गेलेली मुलं पुष्कळ होती. काही जण तिथून सुरुवात करायची आणि त्यातून बाहेर यायला त्यांना जमायचं नाही. रडू यायचं, मग रडल्याची लाज वाटायची, आणि उरलेली मिनिटं सावरण्यात जायची. रडण्यात काही कमीपणा नाही. पाण्याचा पेला त्याचसाठी समोर ठेवलेला असतो आणि आम्ही थांबतो. पण त्या मुलाला जे सांगायचं होतं ते राहून जातं, याची मला हळहळ वाटते. ज्या मुलांना हे पेललं, त्यांनी घटना आणि तिचा परिणाम एकत्र सांगितला. ‘वडील २०२१ मध्ये गेले. तेव्हापासून आई अंगणवाडीत मदतनीस आहे आणि धाकट्या भावाचा अभ्यास मी घेतो.’ यात दुःख झाकलेलं नाही. समोरच्याला जे कळायचं ते कळतं, आणि मूल पुढे बोलायला मोकळं होतं. घरी मोठ्याने चार-पाचदा म्हणून पाहिलं की ते वाक्य गळ्यात अडकत नाही. घरच्या माणसासमोर अवघड जात असेल तर एखाद्या शिक्षकासमोर म्हणावं.

५. समोर कोण बसलंय, त्यावर गरजेचं स्थान बदलतं. आमच्यासारख्या ट्रस्टपुढे गरज आणि पात्रता दोन्ही सांगावी लागतात. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीच्या अर्जात मात्र नेतृत्व, माणसं जोडण्याची रीत, तिथे काय शिकणार आणि परत येऊन काय करणार, याबद्दल लिहायचं असतं. घरच्या उत्पन्नाला तिथे जागा नाही, आणि तिथे गरिबीची कहाणी लिहिणारा आपली जागा वाया घालवतो. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट परदेशी शिक्षणासाठी जी मदत देते ती कर्जाऊ असते. कर्ज घेणारा माणूस परतफेडीचा विचार करूनच बोलतो आणि त्यामुळे त्याची मान आपोआप ताठ राहते. ही गोष्ट मला फार आवडते. अनुदान मागतानाही तोच सूर ठेवता येतो, असं माझं मत बनलं आहे : पैसे परत करायचे नसले तरी ते कसे वापरणार, हे देणाऱ्यापुढे मांडता येतंच.

६. गरज म्हणजे वजाबाकी आहे, हे मला एका मुलीबरोबर बसून कळलं. ती माण तालुक्यातली. बारावी माझ्याकडे झाली, सीईटी चांगली गेली आणि कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला. मुलाखत दुसऱ्या एका संस्थेकडे होती, त्यामुळे मी तिची तयारी करून घेऊ शकत होते. तिने लिहून आणलेली ओळख अशी सुरू होत होती : ‘माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती हलाखीची असूनही मी लहानपणापासून अभ्यासात हुशार आहे. मी मेहनती, प्रामाणिक व जिद्दी आहे. आपण मला मदत केल्यास मी आपली आयुष्यभर ऋणी राहीन.’

मी काही खोडलं नाही. कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, वर्षाला खर्च किती येणार ते लिही. तिला वाटत होतं फी हाच मोठा खर्च. पण २०२४-२५ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला म्हणजे झालं. ती त्यात बसत होती. आणि ‘फीसाठी मदत हवी’ असं ती समितीपुढे म्हणाली असती तर कुणी तरी लगेच विचारलं असतं, ‘फी तर माफ आहे ना?’ तिथेच तिची गाडी घसरली असती, आणि तेही गरज खरी असताना.

मग खरा खर्च लिहिला. वसतिगृह ९,०००. मेस महिना २,८००, दहा महिन्यांचे २८,०००. विकास शुल्क, अनामत, जिमखाना वगैरे माफीत न बसणारं मिळून ८,०००. ड्राफ्टर, अ‍ॅप्रन, पुस्तकं ४,५००. येण्याजाण्याला, एसटीचं अर्धं तिकीट धरून, ३,५००. बेरीज ५३,०००. आता जमा. आई दुधाच्या पैशांतून महिना २,००० देणार होती, दहा महिन्यांचे २०,०००. मामाने ३,००० कबूल केले होते. वडील हंगामात ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर असतात, त्यांचे पैसे सोसायटीच्या कर्जाला बांधलेले. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी तिने अर्ज केला होता, पण असे पैसे खात्यावर जमा व्हायला वेळ लागतो आणि मेसवाला थांबत नाही, म्हणून तो जमेत धरला नाही. अर्ज केला आहे हे मात्र सांगायचं ठरवलं. दुसरीकडून मदत येऊ शकते हे लपवलं आणि मागाहून कळलं, तर विश्वास जातो. काही संस्थांचा तर दुहेरी मदत न देण्याचा नियमच असतो.

उरले ३०,०००. कागदाच्या तळाशी तो आकडा आला तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, एवढेच?’ तिच्या डोक्यात गरज म्हणजे अख्ख्या घराची गरज होती, विहिरीपासून धाकट्या बहिणीच्या लग्नापर्यंत. एवढं सगळं कुणापुढे मांडायचं म्हणजे मान खाली जाणारच. ३०,००० रुपये मात्र सरळ बघून सांगता येतात. हा आकडा मी आजवर अनेकांसोबत काढला आहे, कधी १२,००० येतो, कधी लाखाच्या वर जातो. तो मोठा की लहान, यापेक्षा तो कसा आला हे मुलाला बोटांवर सांगता येतं का, याकडे समितीचं लक्ष असतं.

७. गुण सांगायचे नसतात, केलेलं काम सांगायचं असतं. ‘मेहनती, प्रामाणिक, जिद्दी’ हे तिन्ही शब्द दुसऱ्याने आपल्याबद्दल म्हणायचे. आपण म्हटले की ऐकणारा नकळत सावध होतो. मी तिला विचारलं, कुणी सांगितलेलं नसताना तू केलेलं एखादं काम सांग. ‘असं काही नाही केलं,’ असं उत्तर आलं. बहुतेक मुलांचं पहिलं उत्तर हेच असतं, कारण बक्षीस मिळालं तेच काम अशी त्यांची समजूत असते. मग मी विचारलं, इलेक्ट्रिकलच का घेतलंस? तेव्हा गोष्ट बाहेर आली.

त्यांच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. शेतीची थ्री-फेज लाइट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री उठून रानात जायला नको म्हणून बहुतेकांसारखा त्यांनीही स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. एका उन्हाळ्यात मोटर दोनदा जळाली आणि दोन्ही वेळा रिवायंडिंगला ५,००० गेले. ही तेव्हा अकरावीत. तिने शाळेच्या जुन्या वहीत लिहायला सुरुवात केली : लाइट किती वाजता आली, पेटीवरचा व्होल्टेजचा काटा कुठे होता, तिन्ही इंडिकेटर लागले होते का. महिनाभरात तिच्या लक्षात आलं, की काही रात्री लाइट येते ती दोनच फेजवर. त्या वेळी ऑटो स्विचने मोटर चालू करायला घेतली तर ती फिरत नाही, नुसती घुमते आणि तापत जाते. वहीतल्या नोंदी तिने गावातल्या वायरमनला दाखवल्या. त्याने सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवायला सांगितलं. एक फेज नसेल तर तो मोटर सुरूच होऊ देत नाही. वडिलांना खर्च नको होता, तर तिने रिवायंडिंगच्या दोन पावत्या पुढे ठेवल्या. प्रिव्हेंटर बसला आणि त्यानंतर मोटर जळली नाही.

मी तिच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षं ही मुलगी माझ्या वर्गात होती. निरीक्षण, नोंद, अनुमान हे मी फळ्यावर लिहायचे तेव्हा तिचं ते विहिरीवर करून झालं होतं, आणि तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. अशी कामं जवळजवळ प्रत्येक मुलाकडे असतात. कुणी बचत गटाचा हिशोब लिहितो, कुणी आजोबांना डायलिसिसला नेतो आणि पाण्याची मोजणी ठेवतो, कुणी वाडीतल्या पोरांना पाढे शिकवतो. ती शोधून काढायला बाहेरचा माणूस लागतो. मुलाखतीच्या तयारीत शिक्षकाची गरज असेल तर ती इथे आहे, इंग्रजी वाक्यं पाठ करून घेण्यात नाही. ‘मायसेल्फ’ने सुरू झालेली पाठ केलेली ओळख तिसऱ्या वाक्याला अडखळते, आणि मग मूल मराठीतही धड बोलू शकत नाही. आमच्या समितीत माणदेशी, अहिराणी, वऱ्हाडी सगळ्या बोली चालतात, आणि तिथेच मुलं खुलतात.

८. ओळखीतूनच पुढचे प्रश्न निघतात, म्हणून विचारावेसे वाटतील अशा जागा तिच्यात असू द्याव्यात. शेवटी तिची ओळख अशी झाली :

‘मी माण तालुक्यातली. आम्ही घरात सहा जण. एक एकर जमीन आणि सामाईक विहीर आहे. वडील हंगामात ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर असतात, आई दोन गायी सांभाळते आणि मजुरीला जाते. घरखर्च आईच्या दुधाच्या बिलावर चालतो. मला कऱ्हाडला इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला आहे. आमच्या विहिरीवरची मोटर दोनदा जळाली, तेव्हा मी महिनाभर लाइटच्या वेळा आणि व्होल्टेज लिहून ठेवलं. एक फेज नसताना ऑटो स्विचमुळे मोटर जळते असं त्यातून दिसलं, मग आम्ही प्रिव्हेंटर बसवला. आमच्या भागात असं पुष्कळांचं होतं, म्हणून मला हाच विषय शिकायचा आहे. शिक्षण शुल्क माफ आहे. राहणं, जेवण आणि साहित्य मिळून वर्षाला ५३,००० खर्च आहे, घरून आणि मामाकडून २३,००० होतील. ३०,००० कमी पडतात. निर्वाह भत्त्यासाठी अर्ज केला आहे, तो अजून आलेला नाही.’

सावकाश म्हटलं तरी दीड मिनिट लागत नाही. ‘गरीब’ हा शब्द यात नाही, ‘हुशार’ही नाही, आणि ऋणी राहण्याचं वचनही नाही. कृतज्ञता खरी असते, पण पैसे मिळायच्या आत ती बोलून दाखवली की तिचंच ओझं होतं.

मुलाखतीहून आल्यावर तिने सगळं सांगितलं. घरच्या परिस्थितीवर एकच प्रश्न आला, बाकी बहुतेक मोटरवर. समितीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी विचारलं, ‘एक फेज गेली तर मोटर का जळते?’ ती म्हणाली, उरलेल्या दोन फेजवर सगळा भार येतो, करंट वाढतो आणि वायंडिंग तापतं. ‘करंट किती वाढतो?’ त्यावर तिने सांगितलं, ‘ते मला माहीत नाही सर. हात लावल्यावर मोटर तापलेली कळायची, तेवढंच. किती वाढतो हे काढायला मला अजून येत नाही.’ त्यांनी तिथेच कागद ओढला आणि आकृती काढून दाखवली. ‘माहीत नाही’ हे उत्तर मुलांना धोक्याचं वाटतं. मला ते नेहमी भरवशाचं वाटत आलं आहे. कुठपर्यंत कळलंय आणि कुठून पुढे कळलेलं नाही, याची रेघ ज्याला दाखवता येते त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसतो, अगदी त्या ५३,००० रुपयांवरही.

९. ‘किती हवेत?’ याला ‘तुम्ही द्याल ते’ हे उत्तर नाही. विनयाने दिलेलं असतं ते, मला कळतं. मोठ्यांपुढे आकडा उच्चारणं आपल्याकडे उद्धटपणाचं मानतात, आणि मुलींवर तर हा संस्कार जास्तच घट्ट. पण त्या उत्तराने समितीचं काम अडतं. कमी दिले तर मूल मध्येच अडकेल, जास्त दिले तर दुसऱ्या कुणाचे कमी होतील, आणि कमी-जास्त ठरवायला आमच्याकडे काहीच नसतं. शेवटी आम्ही अंदाजाने देतो, आणि आमचे अंदाज पुण्यातल्या खर्चावर बेतलेले असतात.

तिलाही तो प्रश्न आला. तिने ३०,००० सांगितले. संस्थेची पहिल्या वर्षाची मर्यादा २५,००० होती. ‘मग उरलेल्या ५,००० चं काय करशील?’ यावर ती म्हणाली, निर्वाह भत्ता आला तर प्रश्नच नाही. नाही आला तर ड्राफ्टर आणि पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलींकडून जुनी घेईन, त्यात २,५०० वाचतील. दिवाळीच्या सुट्टीत रिवायंडिंगच्या दुकानात कामाला येऊ का, असं त्या मालकांना विचारलेलं आहे, ते हो म्हणाले आहेत. तिथून उरलेले निघतील. त्या दुकानाचं मी तिला सुचवलेलं नव्हतं, मला ते तिच्याकडूनच कळलं.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या ट्रस्टच्या अर्जात मी दोन ओळी वाढवून घेतल्या : वर्षाला कमी पडणारी रक्कम, आणि ट्रस्टकडून ती पूर्ण मिळाली नाही तर उरलेली कशी उभी कराल. पहिल्या ओळीत अजूनही काही मुलं ‘आपण द्याल ती’ असं लिहितात. अशा अर्जांसाठी आम्ही मुलाखतीची वेळ थोडी जास्त ठेवतो, आणि कोरा कागद पुढे करून बेरीज-वजाबाकी तिथेच त्यांच्याबरोबर करतो.